चाळिशी-पन्नाशीची धास्ती आणि "तेव्हा माझं चुकलंच का?" : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी स्वतः 52 वर्षांची आहे, दोन्ही आकडे ओलांडून झालेत. दोन्ही वेळा आधीचं वर्षभर नीट झोप नव्हती. बरीच वर्षं समुपदेशनाचं काम केलंय, त्यामुळे हेच प्रश्न फिरून फिरून कानावर येतात, म्हणून एकदा लिहूनच काढतेय. सगळ्यात जास्त जागा "मागचा निर्णय चुकला का" या एका प्रश्नाला दिलीय, कारण लोक अडकतात ते तिथेच, बाकीचं तसं लवकर उरकतं.

40 किंवा 50 या आकड्यातच असं काय आहे? 39 आणि 40 मध्ये एका दिवसाचाच तर फरक.

शरीराच्या हिशोबाने काहीच नाही. आपण चष्म्यालाच चाळिशी म्हणतो ना, तेच घ्या. डोळ्यातलं भिंग लहानपणापासून हळूहळू कडक होत असतं, पण रोज थोडं थोडं होतं म्हणून कळत नाही, आणि मग एक दिवस मोबाईल हात लांब करून वाचायला लागतो आणि वाटतं की हे आत्ताच झालं. आकड्याचं पण तसंच आहे, मनात कुरकुर आधीपासून चालू असते, आकडा फक्त ती समोर आणून ठेवतो.

2014 मध्ये ऑल्टर आणि हर्शफील्ड या दोघांनी एक अभ्यास छापला, त्यात म्हणणं असं होतं की वयाच्या शेवटी 9 असलेली माणसं, म्हणजे 29, 39, 49 वाली, आयुष्याला अर्थ आहे का वगैरे विचार जास्त करतात आणि पहिल्यांदा मॅरेथॉन धावायला उतरणाऱ्यांत पण तीच जास्त दिसतात. खूप गाजला तो अभ्यास. नंतर दुसऱ्यांनी तेच आकडे परत तपासले तेव्हा परिणाम फारच फिका निघाला. तरी माझ्याकडे येणाऱ्यांत 39 आणि 49 वाले भरपूर असतात हे खरंय, आणि वाढदिवस झाल्यावर बरेचसे शांत होतात हे पण खरंय. धास्ती येण्याआधीची असते, आल्यानंतरची कमी. (हे माझं बघितलेलं, अभ्यास नाही.)

म्हणजे मला मिडलाइफ क्रायसिस झालाय का?

हा शब्द कुठून आला ते कळलं तरी निम्मी भीती जाते. इलियट जॅक्स नावाच्या मनोविश्लेषकाने 1965 मध्ये एक लेख लिहिला, मृत्यू आणि मिडलाइफ क्रायसिस या विषयावर. 300 हून जास्त नामवंत कलावंतांची आयुष्यं चाळून त्याने म्हटलं की 35 च्या आसपास काहीतरी मोठी उलथापालथ होते. हो, 35! चाळिशी-पन्नाशीशी ते नंतर चिकटलं. आणि मुद्दा होता तो मरणाचा, की आता उरलेला वेळ मोजता येतो हे माणसाला पहिल्यांदा आतून कळतं. लाल गाडी, नवीन हेअरस्टाईल वगैरे चेष्टा मागाहून आली. जॅक्स स्वतः त्यानंतर 38 वर्षं जगला आणि लिहीत राहिला.

आणि हे सगळ्यांना होतंच असं अजिबात नाही. अमेरिकेत 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका सर्व्हेत साधारण 26 टक्के लोक म्हणाले की हो, मला झाला होता. त्यातल्या बऱ्याच जणांनी सांगितलेली कारणं बघितली तर ती वयाची नव्हतीच, घटनांची होती, म्हणजे नोकरी गेली, नातं तुटलं, कोणीतरी गेलं. मिडलाइफ क्रायसिस हे आजाराचं नाव नाही, कोणी डॉक्टर ते निदान म्हणून लिहून देत नाही. तुम्ही घाबरलाय आणि मागचा हिशोब मांडताय, एवढंच म्हणू सध्या.

चाळिशीत आनंद तळाला जातो आणि पन्नाशीनंतर परत वर येतो, तो यू आकाराचा ग्राफ खरा आहे का?

अर्धा खरा. बऱ्याच देशांतल्या मोठ्या सर्व्हेंमध्ये समाधान पन्नाशीच्या जरा अलीकडे सगळ्यात कमी दिसतं. पण त्यातले बरेचसे सर्व्हे एकाच वेळी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना विचारून केलेले आहेत, त्याच माणसांचा वर्षानुवर्षं माग काढला की चित्र तेवढं स्वच्छ राहत नाही, म्हणून यावर वादही आहे. शिवाय तो खड्डा बहुतेकांसाठी उथळ असतो.

मला यातलं उपयोगी वाटतं ते श्वांट नावाच्या अर्थतज्ज्ञाने 2013 मध्ये जर्मनीतल्या आकड्यांवरून दाखवलेलं. लोकांना विचारलं होतं की पाच वर्षांनी तुम्ही किती समाधानी असाल, आणि मग पाच वर्षांनी खरंच किती आहात. तरुण माणसं भविष्याचा अंदाज सतत जास्त धरतात, म्हातारी माणसं कमी धरतात. म्हणजे चाळिशी-पन्नाशीत काय होतं, तर तरुणपणी मोठमोठ्या अपेक्षा ठेवल्या त्या पुऱ्या झाल्या नाहीत हे दिसत असतं, आणि त्याच वेळी पुढच्या अपेक्षाही खाली येत असतात. दोन्हीकडून मार. नंतर अपेक्षाच कमी असल्यामुळे जे मिळतं ते बरं वाटायला लागतं. म्हणजे जे टोचतं त्यातला बराच भाग आयुष्याचा नसतो, आपणच 25 व्या वर्षी बांधलेल्या अंदाजाचा असतो.

मला सारखं वाटतं की मी तेव्हा चुकीचा निर्णय घेतला. हे वाटणं खरं धरायचं का?

लगेच नाही. यात तीन ठिकाणी आपलीच फसवणूक होते.

पहिलं म्हणजे पश्चातबुद्धी. निकाल कळल्यावर आपल्याला वाटतं की हे तर तेव्हाच दिसत होतं. दिसत नव्हतं हो. बारूख फिशहॉफने 1975 मध्ये हे प्रयोगातून दाखवलं, निकाल सांगितलेल्या लोकांना तो निकाल आधीपासूनच जास्त शक्य वाटायला लागतो, आणि आपल्यावर हा परिणाम झालाय हे त्यांना कळतही नाही.

दुसरं, केलेल्या गोष्टीचा पस्तावा लवकर विरतो आणि न केलेल्याचा वर्षं गेली तशी वाढत जातो. गिलोविच आणि मेडवेक यांनी नव्वदच्या दशकात हे मांडलं. कारण साधं आहे, केलं ते वाईट निघालं तर त्याच्या अडचणींना शेवट असतो, आपण निस्तरतो, त्यातून काहीतरी शिकलो म्हणून समजूतही घालतो. न केलेल्याला शेवटच नसतो. ते आयुष्य आपण जगलोच नाही त्यामुळे त्यात कधी पावसात गाडी बंद पडत नाही, बॉस ओरडत नाही, पाठ दुखत नाही. दुरून डोंगर साजरे, आणि हा डोंगर तर असा की जवळ जायची सोयच नाही.

तिसरं, निर्णय घेणारी ती पंचविशीतली व्यक्ती आणि आजचे तुम्ही ही वेगळी माणसं आहात. तुमच्या आजच्या आवडीनिवडी घेऊन तुम्ही तिला जाब विचारताय. तिला त्या आवडी नव्हत्याच.

पण म्हणून प्रत्येक पस्तावा खोटा असतो असंही नाही. काही निर्णय खरंच चुकलेले असतात. म्हणून तपासायचं.

तपासायचं कसं? नुसता विचार करून तर डोकं फिरतं.

विचार करून नाहीच होत, कागद लागतो. माझ्या एका मैत्रिणीचं सांगते, तिच्या परवानगीने, ओळख पटेल असं काही नाही यात. 49 पूर्ण होऊन सात महिने झाले होते. 28 व्या वर्षी तिने फिजिक्सची पीएचडी तिसऱ्या वर्षात सोडली आणि शाळेत शिकवायला लागली. एकवीस वर्षं शिकवतेय, चांगली शिकवते. आणि एका रात्री फोन करून म्हणाली, "अगं मी तेव्हा सोडायला नको होतं, लग्न ठरलं म्हणून घाबरून सोडलं, सगळं वाया घालवलं मी."

मी तिला चार प्रश्न दिले, प्रत्येकाला एक पान. एका बैठकीत नाही, एका आठवड्यात.

पहिलं पान: तेव्हा मला काय माहीत होतं? फक्त तेव्हाचं. इथे आठवणीवर अजिबात विसंबायचं नाही, त्या काळातलं काहीही लिहिलेलं शोधायचं, डायरी, जुने ईमेल, कोणाला लिहिलेली पत्रं. तिच्याकडे लॅबचं रजिस्टर होतं, माळ्यावर. एका मोठ्या काचेच्या चेंबरमधली हवा काढून आत धातूचा पातळ थर चढवायचा असं काम होतं तिचं. रजिस्टरमध्ये रीडिंगच्या बाजूला मार्जिनमध्ये पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं, "पंप बंद. सहावा आठवडा." दोन पानांनी परत, "सर भेटले नाहीत. पंप बंद." आणि एका ठिकाणी, लग्न ठरायच्या आठ महिने आधीच्या तारखेला, "मला हे आवडत नाहीये का?" आठ महिने आधी! म्हणजे लग्नामुळे सोडलं ही गोष्ट एकवीस वर्षं ती स्वतःला सांगत होती आणि ती तशी नव्हतीच. तिला आठवत होती ती एक संध्याकाळ, ज्या दिवशी ग्राफ एकदम सरळ रेषेत आला होता. ती संध्याकाळ पण रजिस्टरमध्ये आहे. एकदाच आहे.

दुसरं पान: दुसरा रस्ता धरलेल्यांचं खरंच काय झालं? ती स्वतःची तुलना करत होती एका बॅचमेटशी, जी आज प्रोफेसर आहे. मी म्हटलं, त्या वर्षी तुमच्यात किती जण लागले होते? सहा. मग सहाही जणांचं लिही. तिने दोन दिवस फोन करून माहिती काढली. सहांपैकी तिघांनी पीएचडी पूर्ण केली, त्यातली एकच आज संशोधनात आहे, बाकी दोघं पूर्ण करून दुसरीकडेच गेले. म्हणजे ती सहांतल्या एकीशी, सगळ्यात चांगलं झालं तिच्याशी, स्वतःला मोजत होती. आपण सगळेच हे करतो, कारण ज्यांचं झालं त्यांचीच नावं दिसतात, ज्यांचं नाही झालं ते दिसतच नाहीत.

तिसरं पान: निर्णय कुठे संपला आणि नशीब कुठे सुरू झालं? पंप बिघडला हा तिचा निर्णय नव्हता. चांगली शाळा मिळाली हे पण निम्मं नशीब. इथे दोन्ही बाजूंचं नशीब लिहायचं, लोक फक्त वाईट लिहितात.

चौथं पान सगळ्यात महत्त्वाचं: आज मला त्यातलं नेमकं काय हवंय? पद नाही लिहायचं, क्रियापद लिहायचं. "प्रोफेसर व्हायचं होतं" हे उत्तर बाद. तिने आधी तेच लिहिलं, खोडलं, मग "मान" लिहिलं, तेही खोडलं. शेवटी लिहिलं, "एकाच प्रश्नाला महिनोन्महिने चिकटून राहायचंय." शाळेत चाळीस मिनिटांचा तास, घंटा झाली की विषय बदल. एकवीस वर्षं तिच्या डोक्यातला कुठलाच प्रश्न दुसऱ्या दिवसापर्यंत टिकला नव्हता. खरी भूक ही होती, पीएचडी हे फक्त तिचं जुनं नाव.

हे करून पस्तावा जातो का?

पूर्ण नाही जात. तिला अजूनही त्या बॅचमेटचं नाव कुठे छापून आलेलं दिसलं की आत चरचरतं, असं ती स्वतःच सांगते. पण "सगळं वाया घालवलं" हे वाक्य गेलं. पस्तावा लहान झाला आणि त्याला नाव मिळालं, आणि नाव मिळालं की त्याचं काहीतरी करता येतं.

एक धोका सांगून ठेवते. काही जण हे चार कागद महिनोन्महिने लिहीत बसतात, रोज नवीन पान. दोन आठवड्यांनंतर नवीन काही सापडत नसेल आणि तेच तेच परत लिहिलं जात असेल तर ती तपासणी राहिलेली नाही, ते उगाळणं झालं. थांबायचं.

आणि तपासल्यावर कळलं की निर्णय खरंच चुकला होता, तर?

होतं असं. माझ्या बाबतीत झालंय. बाकीचं जाऊ दे, पण तिशीत एका जवळच्या माणसाशी बोलणं तोडलं मी, कागदावर उतरवलं तेव्हा दिसलं की तेव्हासुद्धा मला सगळं माहीत होतं, नशिबाचा काही संबंध नव्हता, निव्वळ अहंकार होता. अशा वेळी स्वतःची समजूत काढत बसू नये. दोनच प्रश्न उरतात, दुरुस्त होण्यासारखं आहे का, आणि ज्याचं नुकसान झालं त्याला ती दुरुस्ती हवी आहे का. दुसरा प्रश्न लोक विसरतात, आणि स्वतःचं ओझं हलकं करायला वीस वर्षांनी कोणाच्या तरी दारात जाऊन उभे राहतात. मी आधी चार ओळी लिहून पाठवल्या आणि उत्तर आलं नाही तर परत विचारणार नाही असं त्यातच लिहिलं. उत्तर आलं, सहा आठवड्यांनी.

मला नोकरी सोडून सगळं नव्याने सुरू करायचंय. करू का?

सोडायची असेल तर सोडा, पण धास्तीच्या भरात नको, वाढदिवसाच्या आधीच्या चार-सहा महिन्यांत तर नकोच. परत फिरता येणार नाही अशी कुठलीही गोष्ट तेवढे दिवस पुढे ढकला, राजीनामा असो की घटस्फोट (मारहाण, छळ असेल तर हा सल्ला लागू नाही, तिथे वाट बघायची नाही). तोपर्यंत चौथ्या पानावरचं क्रियापद घ्या आणि आठ आठवडे करून बघा, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, आहे त्या आयुष्यात बसेल एवढंच.

मैत्रिणीने काय केलं तर तारे बघायला घेतले. म्हणजे हौसेने नाही, मोजायला. डेल्टा सेफी नावाचा एक तारा आहे, त्याचं तेज साधारण साडेपाच दिवसांत कमीजास्त होतं, आणि नुसत्या डोळ्यांनी कळतं. शेजारी दोन तारे आहेत, झीटा जरा तेजस्वी आणि एप्सिलॉन जरा मंद, त्यांच्याशी ताडून आज आपला तारा या दोघांच्या मध्ये कुठे बसतो ते लिहायचं. एएव्हीएसओ म्हणून हौशी निरीक्षकांची संस्था आहे, 1911 पासूनची, तिच्याकडे अशा नोंदी पाठवताही येतात. साडेपाच दिवसांचं चक्र म्हणून तिने आठवड्यातून एकदाऐवजी जमेल त्या रात्री दहा मिनिटं असं केलं. पहिले दोन आठवडे ढग. तिसऱ्या आठवड्यात तारा चुकीचा बघत होती हे कळलं. पाचव्या आठवड्यात तिने नोंदी ग्राफवर मांडल्या आणि तारा भरभर तेजस्वी होतो पण मंद हळूहळू होतो हे तिला स्वतःच्या ठिपक्यांत दिसलं. पुस्तकात हे असतंच, पण ठिपके तिचे होते.

आठ आठवड्यांनंतर काय बघायचं? मजा आली का हे नाही. कंटाळवाण्या आठवड्यात तुम्ही ते केलंत का, हे बघायचं. ढगाच्या दिवसांतही ती गच्चीवर जाऊन आली होती. उलट एका गृहस्थांना कादंबरी लिहायची होती, आठांपैकी दोनच आठवडे ते बसले, आणि त्यांच्या लक्षात आलं की त्यांना कादंबरी लिहायची नव्हती, लिहून झालेली हवी होती. ते पण कळलेलं बरंच की, नोकरी सोडून कळण्यापेक्षा.

जे आता होणारच नाही त्याचं काय?

काही दारं खरंच बंद होतात. स्वतःचं मूल, आईवडील असतानाची एखादी गोष्ट, काही खेळ, काही परीक्षांच्या वयाच्या अटी. तिथे "अजून उशीर झालेला नाही" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. उशीर झालाय. तिथे दुःख करायचं, जसं माणूस गेल्यावर करतो तसं, आणि कोणी घाईघाईने त्याचा फायदा समजावून सांगायला लागलं तर त्याला गप्प करायचं.

घरी सांगावं का?

सांगावं, पण "माझं आयुष्य चुकलं" असं नको, कारण समोरचा त्या आयुष्यातच बसलेला असतो आणि त्याला ते स्वतःबद्दल ऐकू येतं. पान चार झाल्यावर सांगा, "मला अमुक करायचंय, शनिवारचे तीन तास हवेत."

हे वयाचं आहे की डिप्रेशन, कसं ओळखायचं?

धास्तीत माणूस घाबरतो, चिडतो, पण गाणं लागलं की पाय हलतो, मित्र आला की हसतो. दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, आणि सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली असेल, तर डॉक्टरकडे जा. मरणाचे किंवा स्वतःला संपवायचे विचार येत असतील तर आजच कोणालातरी सांगा आणि आजच जा, दोन आठवडे मोजत बसू नका.

बायकांनी एक लक्षात ठेवावं. पाळी बंद व्हायच्या आधीची काही वर्षं, साधारण चाळिशीच्या मध्यापासून, हार्मोन्स वरखाली होतात आणि त्यात झोप उडणं, चिडचिड, विनाकारण धडधड, उदासी हे सगळं येऊ शकतं. मी 48 ला असताना रात्री तीनला उठून आयुष्याचा हिशोब मांडत बसायचे, आणि त्यातला निम्मा हिशोब घामाने जाग आल्यामुळे होता हे नंतर कळलं. पुरुषांनी आणि बायकांनीही थायरॉइड तपासून घ्यावं, आणि घोरत असाल, दिवसा झोप येत असेल तर झोपेची तपासणी करावी. रात्री तीनला घेतलेला आयुष्याचा कुठलाही निष्कर्ष सकाळी चहानंतर परत वाचावा.

प्रत्यक्ष वाढदिवसाच्या दिवशी काय करायचं?

कोणी आग्रह केला म्हणून मोठा कार्यक्रम नको, आणि लपूनही बसू नका, त्या दिवशी एकटं राहिलं की आकडा फार मोठा दिसतो. दोन-तीन माणसं पुरतात. मैत्रिणीच्या पन्नासाव्याला आम्ही तिघी होतो. साडेनऊला ती उठून गच्चीवर गेली, पाच मिनिटांत परत आली. मी विचारलं काय दिसलं. तिने तेच जुनं लॅबचं रजिस्टर काढलं, मागची कोरी पानं वापरतेय ती, तारीख घातली आणि पुढे लिहिलं, "ढग."